व्हीएमसीचा झेड अक्ष बंद पडला: सर्व्हिस इंजिनिअर मागवणारा मेल कसा लिहावा

प्रश्न: आमचा भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचा छोटा कारखाना आहे. दोन व्हीएमसी आहेत, त्यांतली मोठी सोमवारी दुपारपासून बंद आहे. झेड अक्षाचा अलार्म येतो, रिसेट केला की जातो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो. कंपनीला फोन केला तर "मेल टाका" म्हणाले. "मशीन ब्रेकडाऊन आहे, अर्जंट इंजिनिअर पाठवा" असा मेल टाकून दोन दिवस झाले, नुसती पोच आली आहे. वॉरंटी संपलेली आहे. मेलमध्ये नेमके काय लिहायला हवे? नमुना दिलात तर बरे होईल.

उत्तर:

तुमचा मेल त्यांनी वाचला असेल, पण तो वाचून तिकडच्या माणसाला एकही निर्णय घेता येत नाही, म्हणून तो पडून आहे. असे मेल बहुधा इंजिनिअर वाचत नाही, सर्व्हिस को-ऑर्डिनेटर वाचतो. त्याच्यापुढे त्या दिवशीच्या सगळ्या तक्रारी असतात आणि हाताशी मोजके इंजिनिअर असतात, ज्यांतले काही विजेच्या कामाचे आणि काही यांत्रिक कामाचे असतात. त्याला चार गोष्टी ठरवायच्या असतात: कोणाला पाठवायचे, बरोबर कोणता स्पेअर द्यायचा, कधी पाठवायचे आणि खर्च कोणाच्या नावावर टाकायचा. ज्या तक्रारीत या चारही गोष्टींची उत्तरे आहेत ती तो आधी हाताळतो, कारण ती लगेच मार्गी लागते. ज्या तक्रारीत काहीच नाही तिच्यासाठी त्याला फोन करून विचारावे लागते, आणि तो फोन संध्याकाळवर जातो.

माझ्या मते इंजिनिअर लवकर येण्यापेक्षा योग्य इंजिनिअर योग्य सामान घेऊन येणे जास्त महत्त्वाचे आहे. ही गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो. चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभाग माझ्याकडे असताना एका व्हीएमसीचा झेड अक्ष असाच अलार्म देऊ लागला, आणि मी घाईघाईत "झेडचा सर्व्हो ड्राइव्ह गेला आहे, त्वरित बदलून द्यावा" असे लिहून टाकले. कंपनीने माझ्यावर विश्वास ठेवला, हाच घोळ झाला. मुख्य कार्यालयातून ड्राइव्ह येईपर्यंत चार दिवस गेले, पाचव्या दिवशी इंजिनिअर तो घेऊन आला, त्याने ड्राइव्ह बदलला आणि दहा मिनिटांत तोच अलार्म पुन्हा आला. मग त्याने झेड मोटरच्या ब्रेकला मिळणारे व्होल्टेज मोजले. २४ व्होल्ट डीसी हवे होते, मिळत होते १७. पॅनेलमधल्या ब्रेकच्या रिलेचा कॉन्टॅक्ट जळत आला होता. तो रिले बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कोणत्याही दिवशी मिळाला असता. पाच दिवसांपैकी चार दिवस आम्ही नको असलेल्या वस्तूची वाट पाहण्यात घालवले होते, आणि ती मागवणारा मीच होतो.

त्यामुळे मेलमध्ये दोषाचे निदान लिहू नये, दोषाचे वर्णन लिहावे. निदान त्यांचे काम आहे. पण मशीन तुमच्या डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे वर्णन तुमच्याशिवाय कोणीही करू शकत नाही.

सुरुवात मशीनच्या ओळखीपासून करू. "तुमची ८५० व्हीएमसी" असे लिहून काहीही कळत नाही, कारण ८५० हा आकडा साधारणपणे टेबलाच्या प्रवासाचा असतो आणि अनेक उत्पादक तो आपल्या मॉडेलच्या नावात वापरतात. मशीनच्या मागच्या बाजूला किंवा इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दारावर नेमप्लेट असते. तिच्यावरचे पूर्ण मॉडेल, मशीनचा अनुक्रमांक आणि निर्मितीचे वर्ष अक्षर न अक्षर उतरवून घ्या आणि तिचा फोटोही जोडा. यांत अनुक्रमांक सर्वांत मोलाचा, कारण एकाच मॉडेलच्या दोन मशीनमध्ये काही वर्षांच्या अंतराने कंट्रोल, ड्राइव्ह, मोटर आणि पॅनेलची वायरिंग वेगळी असू शकते. अनुक्रमांक मिळाला की त्यांच्याकडे त्याच मशीनचे इलेक्ट्रिकल ड्रॉइंग उघडता येते आणि झेडला कोणती मोटर लावली होती, तिच्या ब्रेकचा रिले कोणता, हे बसल्या जागी दिसते. कंट्रोलचे नाव आणि मॉडेल वेगळे लिहा. ते पडद्याच्या चौकटीवर छापलेले असते. मशीन तुम्ही जुने विकत घेतले असेल तर तेही न लाजता लिहा आणि मूळ खरेदीदाराचे नाव माहीत असल्यास द्या, कारण त्यांच्या नोंदीत ते मशीन अजूनही त्याच नावावर असते आणि तुमच्या नावाने शोधून काहीच सापडत नाही.

आता दोषाकडे येऊ. तुम्ही "झेड अक्षाचा अलार्म" म्हणता, पण क्रमांक दिलेला नाही. हा क्रमांक नसणे ही तुमच्या मेलमधली सर्वांत मोठी उणीव आहे. तुमच्या मशीनवर फानूकचे कंट्रोल आहे असे धरून आणि रिसेट केल्यावर जाऊन थोड्या वेळाने परत येण्याची त्याची तऱ्हा पाहून मला वाटते, पडद्यावर बहुधा पुढील ओळ येत असावी:

```
SV0436 (Z) SOFTTHERMAL(OVC)
```

ती वेगळी असेल तर जशी दिसते तशीच लिहा, भाषांतर करू नका. क्रमांकाला इतके महत्त्व का, ते याच उदाहरणावरून पाहा. हा अलार्म मोटर प्रत्यक्ष तापल्याचा नाही. मोटरमधून किती प्रवाह किती वेळ वाहिला यावरून कंट्रोल उष्णतेचा हिशेब मांडते आणि तो हिशेब मर्यादेबाहेर गेला की काहीही जळण्याआधी मोटर थांबवते. म्हणजे मोटर आणि ड्राइव्ह दोन्ही चांगले असूनही हा अलार्म येऊ शकतो. त्याचा अर्थ इतकाच की मोटरला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागत आहे. मोटर खरोखर तापल्याचा अलार्म `SV0430` हा वेगळा आहे, आणि प्रवाहच असामान्य झाल्याचा `SV0438` आणखी वेगळा. `SV0438` वाचून को-ऑर्डिनेटर ड्राइव्ह, मोटरची केबल आणि मोटरचे इन्सुलेशन यांचा विचार करील. `SV0436` वाचून ब्रेक, बॉलस्क्रू, बेअरिंग आणि वंगण यांचा. "झेडचा सर्व्हो अलार्म" एवढेच वाचले तर तो माझ्या वेळी झाले तेच करील.

अलार्मचा फोटो काढल्यावर `MESSAGE` की दाबून `HISTRY` या सॉफ्ट कीने अलार्मचा इतिहास उघडा आणि त्या पानाचाही फोटो घ्या. पहिला अलार्म कधी आला आणि त्याच्या आधी दुसरा कोणता आला होता का, हे तिथे कळते. ऑपरेटर सहसा शेवटचा अलार्म सांगतो, इंजिनिअरला मात्र पहिला हवा असतो.

यापुढची पायरी पंधरा मिनिटांची आहे आणि मेलचे वजन तीच वाढवते. ऑपरेटिंग मॉनिटरच्या पानावर प्रत्येक अक्षाचा लोड टक्क्यांत दिसतो. `POS` दाबून `MONI` निवडले की ते पान येते. ते येत नसेल तर पॅरामीटरशी खेळू नका, "लोड दिसत नाही" एवढे लिहा. येत असेल तर टूल काढून, टेबल मोकळे ठेवून झेड हळू गतीने वर न्या, खाली आणा आणि मध्येच थांबवा, आणि तिन्ही वेळचा आकडा टिपून घ्या. तुलनेसाठी एक्स आणि वाय अक्षांचाही आकडा घ्या.

या आकड्यांतून काय दिसते ते सांगतो. ज्या व्हीएमसीच्या हेडला प्रतिभार नसतो, तिच्या झेड मोटरला थांबलेल्या अवस्थेतही हेडचे वजन पेलावे लागते, म्हणून स्थिर असतानाही लोड मीटरवर काहीतरी आकडा दिसतोच. ब्रेक नीट सुटत नसेल तर ते वजन ब्रेक पेलतो. त्यामुळे थांबल्यावर आकडा शून्याच्या जवळ येतो आणि हलवताना मात्र वर नेतानाही आणि खाली आणतानाही भरमसाट चढतो, कारण मोटर ब्रेक घासत हेड ओढत असते. याउलट बॉलस्क्रू, बेअरिंग किंवा गाइडवेमध्ये अडथळा असेल तर थांबल्यावरचा आकडा नेहमीसारखा राहतो आणि हलवताना वाढतो. तो प्रवासाच्या ठराविक जागीच वाढत असेल तर टेलिस्कोपिक कव्हर अडकल्याची किंवा त्या जागी स्क्रू खराब झाल्याची शक्यता असते. सगळीकडे सारखा वाढला असेल आणि गेल्या काही आठवड्यांपासून हळूहळू वाढत आला असेल तर वंगण पोहोचते आहे का ते पाहावे लागते. यांतले कोणतेही अनुमान मेलमध्ये लिहायचे नाही. आकडे तेवढे लिहायचे. ते वाचून तिकडचा माणूस अनुमान काढील, आणि तुमच्यापेक्षा चांगले काढील.

एक इशारा इथेच देतो, कारण उतावीळ माणसाचा हात नेमका इथे जातो. झेड मोटरचा ब्रेक हेड खाली पडू नये म्हणून असतो. त्याला बाहेरून २४ व्होल्ट देऊन सोडून पाहणे, त्याची वायर काढणे किंवा मोटर उतरवणे हे इंजिनिअर येण्याआधी करू नये. कोणी पॅनेलमध्ये हात घालणारच असेल तर त्याआधी हेडखाली, टेबलावर मजबूत लाकडी ठोकळा लावून हेड त्यावर टेकवून ठेवावे. शे-दोनशे किलोंचे हेड एकदा सुटले की स्पिंडल, टेबल आणि माणसाचा हात यांत ते भेद करत नाही. अलार्म पुन्हा पुन्हा रिसेट करून "तेवढा जॉब तरी काढू" हेही थांबवा, कारण कंट्रोल जो इशारा देत आहे तो तुम्ही दरवेळी पुसून टाकता आणि अर्धवट सुटलेला ब्रेक घासून संपतो. मग शंभरांच्या रिलेऐवजी ब्रेकची मोटर घ्यावी लागते.

दोष सुरू होण्याच्या सुमारास काय घडले तेही लिहा, आणि खरे लिहा. वीज गेली होती का, पॅनेलवर कूलंट उडाले होते का, टूल फिक्स्चरला आदळले होते का, कोणी काही बदलले होते का? टूल आदळल्याचे लपवण्याकडे सगळ्यांचा कल असतो. ऑपरेटर सुपरवायझरपासून लपवतो, सुपरवायझर मालकापासून आणि मालक कंपनीपासून. तुमची वॉरंटी संपलेलीच आहे, त्यामुळे लपवून काही वाचत नाही. उलट टूल आदळले असेल आणि ते आधी कळले, तर इंजिनिअर येताना स्पिंडल तपासण्यासाठी टेस्ट मॅन्ड्रेल आणि डायल घेऊन येतो. न कळल्यास तो ते मागवायला परत जातो.

तातडी कशी लिहायची हा लोकांना सोपा वाटणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा भाग आहे. "अर्जंट", "अत्यंत तातडीचे", "मोठे नुकसान होत आहे" हे शब्द को-ऑर्डिनेटरला प्रत्येक मेलमध्ये दिसतात, त्यामुळे त्याच्या डोळ्यांना ते दिसेनासे झालेले असतात. त्याला दिवस आणि कारण सांगा. समजा, पंपाच्या बॉडीचे १६० नग बाकी आहेत, दोन शिफ्टमध्ये दिवसाला ४० होतात, आणि माल पुढच्या बुधवारी पाठवायचा आहे. म्हणजे मशीनला चार पूर्ण दिवस हवेत: शनिवार, रविवार, सोमवार आणि मंगळवार. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मशीन सुरू झाले तर माल वेळेत जातो, शनिवारी संध्याकाळी झाले तर जात नाही. हे गणित दोन ओळींत मांडले की त्याला एक ठाम मर्यादा मिळते आणि ती तो आपल्या वरिष्ठांनाही दाखवू शकतो. दुसऱ्या मशीनवर हे काम का होत नाही तेही एका वाक्यात सांगा, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल. आणि खरी मर्यादा शुक्रवारची असताना "आज संध्याकाळपर्यंत पाठवा" असे लिहू नका. आज कोणी आले नाही आणि तुमचे काही बिघडलेही नाही हे दिसले की पुढच्या वेळी तुमचा खरा शुक्रवारही कोणी खरा मानत नाही.

भोसरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. उद्या गुरुवार आहे. आपल्याकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि देखभालीसाठी वीजही त्याच दिवशी बंद ठेवली जाते. बाहेरगावच्या को-ऑर्डिनेटरला हे माहीत नसते. तो मोठ्या तत्परतेने गुरुवारचा इंजिनिअर लावतो, इंजिनिअर बंद फाटकासमोर उभा राहतो आणि त्या वाया गेलेल्या भेटीचे बिल तुम्हाला येते. म्हणून इंजिनिअर कोणत्या दिवशी आणि किती वाजल्यापासून चालेल, त्या वेळी मशीनजवळ कोण असेल आणि तो संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबू शकेल, हे स्पष्ट लिहावे.

पैशांचा मुद्दा टाळू नका. वॉरंटी किंवा वार्षिक देखभालीचा करार नसेल तर भेटीचे शुल्क, प्रवास, मुक्काम आणि त्यावरचा जीएसटी तुमच्याकडून घेतला जातो, आणि बऱ्याच कंपन्या पीओ किंवा आगाऊ रक्कम आल्याशिवाय माणूस हलवत नाहीत. त्यांनी दरपत्रक पाठवायचे, तुम्ही ते मालकाला दाखवायचे आणि मग पीओ काढायचा, या क्रमात एक दिवस सहज जातो. तुम्ही पहिल्याच मेलमध्ये "शुल्क मान्य आहे, दरपत्रक आल्यास त्याच दिवशी पीओ देऊ" असे लिहिले तर तो दिवस वाचतो. मेल पाठवण्याआधी आपल्या लेखापालाला एकदा विचारून घ्या की त्या कंपनीचे जुने बिल थकलेले आहे का. थकबाकी असेल तर त्यांच्या यंत्रणेत तुमचे नाव अडकलेले असते, आणि को-ऑर्डिनेटर ते तुम्हाला तोंडावर सांगायला संकोचतो, नुसती पोच पाठवत राहतो. तुमच्या बाबतीत हेच झाले नसेल याची खात्री करून घ्या.

भाषेविषयी थोडेसे. उत्पादकाचे कार्यालय पुण्यात किंवा कोल्हापुरात असेल तर मराठीत लिहिलेले चालते. आपल्याकडची बरीच यंत्रे बंगळुरू, राजकोट किंवा कोइमतूरहून आलेली असतात. तिथे पाठवायचा मेल इंग्रजीत लिहावा, पण क्रम हाच ठेवावा. खालचा नमुना तुमच्या परिस्थितीवर बेतलेला आहे. आकडे मी उदाहरणादाखल घातले आहेत, ते तुमचे घाला.

विषय: ब्रेकडाऊन, सोमवार ता. १२ पासून मशीन बंद, व्हीएमसी, मॉडेल व अनुक्रमांक नेमप्लेटप्रमाणे, झेड अक्ष, अलार्म `SV0436`, शुक्रवार ता. १६ रोजी सकाळी इंजिनिअर हवा

मा. सर्व्हिस विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचे व्हीएमसी आमच्या भोसरी येथील कारखान्यात २०१७ पासून चालू आहे. नेमप्लेटवरील मॉडेल, अनुक्रमांक व निर्मितीचे वर्ष सोबतच्या फोटोत असून खाली टंकलिखितही केले आहे. कंट्रोलचे मॉडेल वेगळे नमूद केले आहे. मशीन आम्ही नवे घेतले असून वॉरंटी संपलेली आहे व सध्या देखभालीचा करार नाही.

सोमवार, ता. १२ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास काम चालू असताना `SV0436 (Z) SOFTTHERMAL(OVC)` हा अलार्म प्रथम आला. रिसेट केल्यावर मशीन सुरू होते, परंतु झेड अक्ष हलवल्यास पाच ते दहा मिनिटांत तोच अलार्म येतो. टूल काढून हळू गतीने हलवताना झेडचा लोड वर जाताना सुमारे १४० टक्के, खाली येताना सुमारे १२० टक्के आणि थांबल्यावर ३ टक्के दिसतो. त्याच गतीने एक्स व वाय अक्षांचा लोड १५ टक्क्यांच्या आत आहे. प्रवासातील कोणत्याही एका जागी वेगळा फरक आढळत नाही. झेड मोटरचा वरचा भाग हाताला गरम लागतो. वंगणाची टाकी भरलेली आहे. टूल आदळलेले नाही. मात्र रविवारी रात्री या भागातील वीज दोनदा गेली होती. आम्ही पॅनेल किंवा मोटर उघडलेली नाही. हेडखाली लाकडी ठोकळा लावून मशीन बंद ठेवले आहे. अलार्मच्या इतिहासाचा फोटो व लोड मीटरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

या मशीनवर पंपाच्या बॉडीचे १६० नग बाकी असून ते बुधवार, ता. २१ रोजी पाठवायचे आहेत. दिवसाला ४० नग होतात. दुसऱ्या मशीनचा प्रवास कमी असल्याने हे काम त्यावर बसत नाही. म्हणून शुक्रवार, ता. १६ च्या संध्याकाळपर्यंत मशीन सुरू होणे आवश्यक आहे. गुरुवारी येथे साप्ताहिक सुट्टी व वीजपुरवठा बंद असल्याने कृपया त्या दिवशी भेट ठेवू नये. शुक्रवारी सकाळी आठपासून आमचे देखभालीचे कर्मचारी मशीनजवळ उपलब्ध राहतील आणि आवश्यकता भासल्यास काम रात्रीपर्यंत चालू ठेवता येईल.

वरील वर्णनावरून आपल्याला ज्या भागांची शक्यता वाटते ते इंजिनिअरसोबत पाठवावेत, ही विनंती. न वापरलेले भाग परत नेण्यास आमची हरकत नाही. भेटीचे शुल्क व प्रवासखर्च आम्हास मान्य आहे. दरपत्रक आल्यास त्याच दिवशी पीओ पाठवू. तक्रार क्रमांक व इंजिनिअरचे नाव कळवावे, म्हणजे गेट पास तयार ठेवता येईल.

आपला,
(नाव, हुद्दा, कारखान्याचा पत्ता, मोबाइल क्रमांक)

या पत्रातले "ज्या भागांची शक्यता वाटते ते सोबत पाठवावेत" हे वाक्य गाळू नका. माझ्या अनुभवात इंजिनिअरची दुसरी खेप त्याच एका वाक्यामुळे टळते, कारण ते वाचून तिकडे कोणीतरी ड्रॉइंग उघडून पाहतो. उदाहरणातले आकडे पाहिले तर वीज गेल्यानंतर सुरू झालेला दोष, थांबल्यावर जवळजवळ शून्य लोड आणि दोन्ही दिशांना जास्त लोड, यांवरून तिकडचा जाणकार ब्रेकचा रिले आणि २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय पिशवीत टाकील आणि विजेचा जाणकार इंजिनिअर पाठवील. ते दोन्ही सामान हातातल्या बॅगेत मावते. बॉलस्क्रू लागत असता तर त्याला टेम्पो लागला असता.

मेल गेल्यावर अर्ध्या तासाने फोन करा आणि "मेल पाहिला का" असे न विचारता तक्रार क्रमांक विचारा. क्रमांक मिळेपर्यंत तुमची तक्रार त्यांच्या यंत्रणेत गेलेली नसते, ती कोणाच्या तरी मेलबॉक्समध्येच असते. पुढचे सगळे बोलणे, व्हॉट्सॲपवरचेसुद्धा, त्याच क्रमांकाने करा आणि जुन्याच मेलला उत्तर देत जा. नवा मेल टाकला की तीच तक्रार दोनदा नोंदली जाते आणि दोन माणसे एकमेकांवर ढकलतात. तुमचा आधीचा मेल त्यांच्याकडे असेल, म्हणून हा नवा मजकूरही त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा आणि विषयाची ओळ तेवढी बदला.

त्यांचा इंजिनिअर फोनवरून काही तपासायला सांगेल तेव्हा "आधी माणूस पाठवा, मग बघू" असा पवित्रा घेऊ नका. पॅनेलमध्ये रिलेच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावायला त्याने सांगितले, तर विजेचे काम जाणणाऱ्या माणसाकडूनच, ठोकळा लावलेला असताना, ते करून घ्या आणि आकडा त्याला कळवा. तसे करूनही उत्तर सापडले नाही तर तो किमान मोकळ्या हाताने येत नाही. मात्र फोनवर त्याने पॅरामीटर बदलायला किंवा अलार्मची मर्यादा वाढवायला सांगितले तर नम्रपणे नकार द्या आणि ते लेखी मागा. तो अलार्म मोटर वाचवण्यासाठी आहे.

शुक्रवारी दुपारपर्यंत कोणी आले नाही, तर तक्रार क्रमांक आणि मूळ मेल जोडून विभागीय सर्व्हिस प्रमुखाला एकच मेल पाठवा. त्यात रागाची भाषा नको. शुक्रवारची मर्यादा, ती केव्हा कळवली होती आणि आता नवी वेळ कोणती, हे तीन वाक्यांत पुरे. इंजिनिअर आला की त्याच्या सर्व्हिस रिपोर्टवर सही करण्यापूर्वी त्याने मोजलेले ब्रेकचे व्होल्टेज, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि दुरुस्तीनंतर झेडचा थांबल्यावरचा व हलतानाचा लोड त्यात लिहून घ्या. पुढच्या वेळी झेडने पुन्हा अलार्म दिला तर तुलना करायला तुमच्याकडे हे चांगल्या मशीनचे आकडे असतील.